आधी कोटी, मग मिलियन

ऑफिसात मला ‘स्वल्पविराम’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही, जिन्यात म्हणतात. एक लाख वीस हजार लिहिताना एकापुढे एक स्वल्पविराम आणि वीसपुढे दुसरा, हे सव्वीस वर्षं लोकांच्या डोक्यात कोंबत आले, त्याचं हे बक्षीस. मला त्याचा राग येत नाही. राग यायला मला इतर कारणं पुष्कळ आहेत.

आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या आणि एक काचेची केबिन. इथून दर आठवड्याला एक इंग्रजी अर्थपत्र निघतं. बजेट, कंपन्यांची विक्री, कुठल्या खात्याला किती मिळाले, असला मजकूर. वर्गणीदार सगळे परदेशी : बँकवाले, यंत्रं विकणारे, कापड घेणारे. पानांवरचा शब्दन् शब्द आणि आकडान् आकडा माझ्या टेबलावरून जातो. पानाच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं पडल्याशिवाय पान सुटत नाही, आणि चूक झालीच तर दुरुस्ती माझ्या नावाने छापली जाते. हे पहिल्या अंकापासून शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. ते बारीक अक्षर पुढे कामाला आलं.

नवे संचालक आले त्याला तीन महिने झाले होते. माणूस आपलाच, पण वीस वर्षं बाहेर काढून आलेला. सोमवारी दहा वाजता त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. इंग्रजी अंकात ‘लाख’ आणि ‘कोटी’ हे शब्द यापुढे दिसणार नाहीत, सगळ्या रकमा मिलियन, बिलियन आणि डॉलरमध्येच जातील, असं त्यावर होतं. खाली माझ्या सहीसाठी रेघ मारलेली.

“सही करा, बाई.”

“नाही करणार.”

त्यांना वाटलं, मी चष्मा विसरले असेन. त्यांनी कागद वाचून दाखवला. मी पुन्हा नाही म्हटलं.

“अहो, तिकडच्या वाचकाला कोटी म्हणजे काय ते कळत नाही. तो अडतो.”

“अडू दे की क्षणभर. पुढच्याच शब्दात आपण त्याला सांगतोच ना. चारशे कोटी रुपये, म्हणजे चार बिलियन रुपये, म्हणजे अमुक डॉलर. आधी मूळ आकडा, मागून समजावणी.”

“दोनदा कशाला सांगायचं? जागा जाते.”

“जागा जाते, पण चूक राहत नाही, साहेब. दोन आकडे शेजारी असले की एक दुसऱ्याची चहाडी करतो. एकटा आकडा काय वाट्टेल ते सांगेल, त्याला अडवणार कोण? आणि सरकारने कोटीत सांगितलं, कंपनीने कोटीत सांगितलं. वाचकाला उद्या मूळ कागदाशी ताडून बघायचं झालं, तर तो कोटीच शोधणार.”

साहेब हसले. लहान मुलाचा हट्ट बघून हसतात तसं. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि दुसरा कागद अर्धवट बाहेर काढला. मला महिनाअखेरीस निवृत्त व्हायचं होतं आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज मी केला होता. तो माझा अर्ज होता.

“दोन्ही कागदांवर एकाच दिवशी सही होईल,” ते म्हणाले. “विचार करा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कागद तिथेच ठेवून मी बाहेर आले.

खरं सांगायचं तर हा नियम मी पुस्तकात वाचून केलेला नाही, मार खाऊन केलेला आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तयार कपड्यांच्या कारखान्याची बातमी माझ्याकडे आली होती. वर्षाची विक्री चाळीस कोटी. मी घाईत, मोठ्या ऐटीत, ‘चाळीस मिलियन रुपये’ लिहून मोकळी झाले. एक कोटी म्हणजे दहा मिलियन. चाळीस कोटी म्हणजे चारशे मिलियन. शेजारी कोटी लिहिलेला असता तर कुणाच्या तरी नजरेत आलं असतं. नव्हता, म्हणून आलं नाही. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने ते वाचलं, इतक्या छोट्या कारखान्याला एवढी मोठी ऑर्डर झेपायची नाही म्हणाला, आणि दुसरीकडे गेला. पंधरा दिवसांनी कारखान्याचे मालक ऑफिसात आले. ओरडले नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “बाई, माझं एक शून्य गेलंय तुमच्याकडे. ते द्या परत.” त्या दिवशी मी कानाला खडा लावला. मूळ आकडा पुसायचा नाही, कुणी कितीही मोठा माणूस सांगो.

घरी हे सगळं सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “दोन वर्षांचा पगार सोडणार? एका शब्दासाठी?”

“दोन शब्द आहेत. लाख आणि कोटी.”

“मग वर्षाला एक पडला,” ते म्हणाले आणि पेपर तोंडापुढे धरला. चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेला माणूस, त्याला वाटतं प्रत्येक कागदावर शिक्का मारून पुढे ढकलला की झालं. मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. त्यांनीही ते अंगाला लावून घेतलं नाही.

गुरुवारी राज्याचं बजेट आलं. बजेटचा अंक आमचा सगळ्यात मोठा, त्याच संध्याकाळी पाचला ईमेलने सुटतो. दरवर्षी मी त्या दिवशी तक्तेवाल्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसते. हा तक्तेवाला म्हणजे आमच्याकडचा तक्ते आणि आलेख करणारा गडी, चाळिशीचा, कामाला वाघ, बोलायला ससा. चार वर्षं कंत्राटावर घासत होता आणि याच महिन्यात कायम होणार होता. त्याच्या बायकोने त्या भरवशावर मुलीचं नाव चांगल्या शाळेत घातलं होतं, हे त्याने मला दोनदा सांगितलं होतं. एकदा आनंदाने आणि एकदा काळजीने.

मी खुर्ची उचलली, तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. “बाई, तुम्ही आज वाचकांच्या पत्रांचं पान बघा. तक्ते माझ्याकडे.”

“तक्त्यावर आद्याक्षरं कोण करणार?”

“मी करीन.”

सगळं ऑफिस ऐकत होतं. माझी खुर्ची हातात तशीच. मी ती परत नेली आणि वाचकांच्या पत्रांतले पूर्णविराम मोजत बसले. साडेचारला तक्तेवाला माझ्याकडे बघून काहीतरी विचारणार असं वाटलं, पण साहेब त्याच्यामागेच उभे होते. पाच वाजता अंक गेला.

शुक्रवारी सकाळी नऊच्या ठोक्याला पहिलं पत्र आलं. इस्पितळांची यंत्रं बनवणारी एक परदेशी कंपनी आमची जुनी वर्गणीदार. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या तक्त्यावरून इथल्या आरोग्य खात्याची कुवत आमच्या अंदाजापेक्षा फारच कमी दिसते, तेव्हा सोळा जिल्हा रुग्णालयांच्या यंत्रांसाठी आम्ही भरणार होतो ते टेंडर आता भरत नाही. अंकाबद्दल आभार.

मी तक्ता उघडला. आरोग्य : ९,६००. वर शीर्षक : मिलियन रुपये.

मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. लोकसंख्या आठ कोटी. नऊ हजार सहाशे मिलियन म्हणजे नऊशे साठ कोटी. त्याला आठ कोटींनी भागलं तर माणशी एकशे वीस रुपये, वर्षाला. महिन्याला दहा. महिन्याला दहा रुपयांत सरकार माणसाच्या छातीवर नळीसुद्धा टेकवणार नाही. मग मी सरकारी पुस्तक काढलं. ९,६०० कोटी. माणशी बाराशे. आता ते माणसाचं बजेट दिसायला लागलं.

एकच ओळ चुकली असती तर बेरजेत सापडली असती. इथे सगळाच्या सगळा तक्ता दहा पटींनी आक्रसला होता. एकूण बजेट एक लाख वीस हजार कोटी, त्याचेही एक लाख वीस हजार मिलियन झालेले. बेरीज बरोबर. टक्के बरोबर, आरोग्याचे आठ टक्के म्हणजे आठ टक्केच. आलेखातले खांबसुद्धा एकमेकांशी प्रमाणात. ज्याने त्याने बेरीज करून बघितली असेल आणि समाधानाने मान डोलावली असेल. १,२०,००० हा आपला स्वल्पविराम जागेवर असता तरी एखाद्याला शंका आली असती. तोही सरकवून तीन-तीनच्या शिस्तीत बसवलेला होता.

मी तक्तेवाल्यापाशी गेले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणजे त्याला कळलं होतं.

“कोटी खोडून मिलियन लिहिलंस आणि आकडे तसेच ठेवलेस?”

“बाई, मी विचारलं होतं त्यांना.”

“कधी? कसं?”

त्याने फोन पुढे केला आणि लगेच मागे घेतला. मी तो त्याच्या हातातून घेतला. त्याचा प्रश्न : ‘साहेब, शीर्षक मिलियन करतो. आकडे तेच ठेवायचे का?’ खाली उत्तर : ‘हो. आकडे सरकारचे आहेत, एकालाही हात लावू नकोस. स्वल्पविराम तेवढे तीन-तीनवर घे.’

साहेबांना एक कोटी म्हणजे दहा मिलियन हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. पण कोटी हा शब्द पानावरून घालवायची त्यांना इतकी घाई झाली होती, की तो शब्द जाताना आपल्याबरोबर एक शून्य घेऊन गेला हे त्यांना दिसलंच नाही.

“हे कुणाला दाखवू नका, बाई,” तक्तेवाला म्हणाला. “माझं कायमचं पत्र त्यांच्याच सहीने निघायचंय.”

साडेदहाला मला केबिनमध्ये बोलावलं. तोवर आणखी सात पत्रं आली होती. एका बँकेने तर आमचा तक्ता स्वतःच्या अहवालात घालूनही टाकला होता. टेबलावर तयार मजकूर होता, शिष्टाचाराचा, गुळगुळीत. ‘तक्ते करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीमुळे’ अशी त्याची सुरुवात होती. शेजारी सोमवारचा आदेश. त्याच्या शेजारी माझा मुदतवाढीचा अर्ज. तीन कागद, एका रांगेत.

“दुरुस्ती तुमच्या नावाने जावी लागते,” साहेब म्हणाले. “तिन्हींवर आत्ता सह्या होऊन जाऊ देत. दोन वर्षं तुमची.”

“आणि तक्तेवाल्याचं काय?”

“इतकी मोठी चूक करणारा माणूस कायम कसा करणार? तुम्हीच सांगा.”

मी उभीच होते. बसावंसं वाटलं नाही. “चूक त्याची नाही. त्याने विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत. मी वाचलंय.”

साहेबांचा हात अर्जावर होता, तो त्यांनी काढला नाही. “बाई, तुम्ही मला धमकी देताय?”

“धमकी कशाला देऊ? मी नाही म्हणतेय. सोमवारी म्हटलं, आज म्हणतेय. त्या गरीब माणसाच्या माथ्यावर खापर फोडायला माझं नाव मिळणार नाही. मी तुम्हाला दुसरी दुरुस्ती लिहून देते. ती पाठवायची असेल तर पाठवा. नाही तर बसू दे आरोग्य खातं दहा रुपये महिन्यावर.”

मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने लिहिलं. बजेटच्या तक्त्यातल्या सर्व रकमा कोटी रुपयांत होत्या. संपादकीय निर्णयामुळे शीर्षकात मिलियन छापलं गेलं. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, त्यामुळे प्रत्येक रक्कम छापली त्याच्या दहापट वाचावी. आरोग्य : ९,६०० कोटी रुपये, म्हणजे ९६ बिलियन रुपये, डॉलरला ऐंशी रुपये धरले तर सुमारे १.२ बिलियन डॉलर, म्हणजे वर्षाला माणशी १,२०० रुपये. आणि शेवटची ओळ : यापुढे या पत्रात प्रत्येक रक्कम आधी मूळ एककात आणि मग तुमच्या एककात दिली जाईल, म्हणजे आमची चूक तुम्हालाही पकडता येईल.

त्यांनी वाचलं. “शेवटची ओळ काढा.”

“नाही.”

“‘संपादकीय निर्णय’ म्हणजे मीच, हे लोकांना कळेल.”

“कळेल. मी तुमचं नाव लिहिलेलं नाही, एवढं सौजन्य पुरे. आणि तक्तेवाल्याच्या कायमच्या पत्रावर सही माझ्यासमोर करा. मगच ह्याच्याखाली माझं नाव पडेल.”

बाहेर फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. साहेबांनी काचेतून बाहेर बघितलं. सगळ्यांच्या माना खाली, पण कान इकडे. आतून मी घाबरले होते, हे मी आता सांगते. तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती आणि ती माझी ऐट आहे असं त्यांना वाटलं असावं.

त्यांनी खणातून तक्तेवाल्याचं पत्र काढलं, सही केली. मी माझ्या मजकुराखाली सही केली. मग त्यांनी माझा अर्ज उचलला, त्याची घडी घातली, आणखी एक घातली, आणि खणात टाकून खण बंद केला. अकरा वाजून दहा मिनिटांनी दुरुस्ती चाळीस देशांत गेली. दुपारी यंत्रवाल्या कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं : आम्ही टेंडर भरतोय.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, “गेली दोन वर्षं.” मला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. ह्यांनी चहा टाकला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “त्या पोराच्या मुलीची शाळा तर राहिली ना? मग पी चहा.” कधी कधी हा माणूस मला चकवतो. मी त्या कपाकडे बघून रडले, अगदी मनसोक्त, आणि मग चहा गार झाला म्हणून त्यांच्यावरच ओरडले.

महिनाअखेरीस मी टेबल रिकामं केलं. निरोपाला साहेब केबिनमधून बाहेर आले, दोन शब्द बोलले, बरे बोलले. तो आदेश मात्र पुन्हा कधी निघाला नाही. काढणार कसा? चाळीस देशांतल्या वर्गणीदारांना आपण लिहून दिलं होतं. जिन्यात उतरताना मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “या हं, स्वल्पविराम!” मी वळून बघितलं तर तक्तेवाला. सशाने एवढा मोठा आवाज काढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आता मी त्या अर्थपत्राची वर्गणीदार आहे. पैसे भरून, रीतसर. दर शुक्रवारी सकाळी खिडकीपाशी बसून अंक वाचते, लाल पेन घेऊन. सवय जात नाही. चौथ्या आठवड्यात दुसऱ्याच पानावर एका सिमेंट कंपनीची विक्री होती : १,२५० कोटी रुपये, म्हणजे १.२५ बिलियन रुपये.

मी ताडकन उठले. साडेबारा बिलियन हवं! शून्य पुन्हा गेलं! ह्यांनी न सांगता फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडे तक्तेवालाच होता.

“अरे, दुसरं पान, सिमेंट—”

“पाहिलं, बाई. दुरुस्ती निघाली. पंधरा मिनिटांपूर्वीच एका वर्गणीदाराने पकडलं.”

“कुणी? आपल्यातला कुणी?”

“नाही हो. यंत्रवाले. त्यांनी लिहिलंय, तुमचा कोटी बरोबर दिसतो, तुमचा बिलियन चुकलेला दिसतो, कृपया तपासा.”

मी फोन ठेवला. ह्यांनी विचारलं, “काय म्हणाला?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि लाल पेनाचं टोपण लावलं. “तिकडच्यांना कोटी कळतो.”